दोघांच्या प्रवासब्लॉगला सगळीकडे एकच लेखकनाम कसे ठेवावे

आम्ही नवरा-बायको साताऱ्यात राहतो आणि जोडीने प्रवासवर्णने लिहितो. पहिल्यांदा आम्ही ‘दोघांची वाट’ हे नाव घेतले होते. बामणोलीच्या एका घरगुती निवासाच्या मालकांना फोनवर ईमेलचा पत्ता सांगितला, त्यांनी तो ऐकून लिहून घेतला आणि त्यांचे पत्र आमच्यापर्यंत कधीच पोहोचले नाही. कारण साधे होते. ‘वाट’ हा शब्द रोमन लिपीत vaat, vat, waat आणि wat अशा चार प्रकारे लिहिता येतो, आणि चारही बरोबरच वाटतात.

म्हणून पहिली पायरी ही की, नाव आवडले तरी ते लगेच पक्के करू नये. आधी ते तिघा-चौघांना फोनवर एकदाच सांगावे आणि त्यांनी इंग्रजी अक्षरांत काय टाइप केले ते मागवून घ्यावे. सगळ्यांचे उत्तर सारखे आले तरच ते नाव पुढे न्यावे. ‘व’ असलेले आणि लांब ‘आ’, ‘ई’ किंवा ‘ऊ’ असलेले शब्द इथेच बहुधा गळतात. आमच्या जवळचे कासचे पठारसुद्धा कोणी Kas लिहितो, तर कोणी Kaas. या चाचणीत आमचे ‘दोघे निघालो’ हे नाव टिकले, कारण सर्वांनी ते doghenighalo असेच लिहिले.

दुसरी पायरी लांबीची आणि चिन्हांची आहे. एक्सवर नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचे चालते, तर जीमेलला किमान ६ अक्षरे लागतात. अधोरेखा इन्स्टाग्राम आणि एक्सवर चालते, पण जीमेलच्या आणि संकेतस्थळाच्या पत्त्यात चालत नाही. टिंब इन्स्टाग्रामवर चालते, एक्सवर नाही. जोडरेघ संकेतस्थळाच्या पत्त्यात चालते, पण एक्स, इन्स्टाग्राम आणि जीमेल या तिन्ही ठिकाणी नाही. याचा अर्थ असा की, जे नाव सर्वत्र तंतोतंत सारखे राहावे असे वाटते, ते ६ ते १५ अक्षरांत आणि कोणतेही चिन्ह न वापरता बसले पाहिजे. doghenighalo मध्ये १२ अक्षरे आहेत, म्हणजे तीन शिल्लक राहतात, आणि ती मुद्दाम शिल्लक ठेवावीत. एखाद्या ठिकाणी नाव आधीच कोणी घेतलेले निघाले, तर तेवढ्याच ठिकाणी आकडा जोडण्याचा मोह टाळावा. जी शेपटी जोडायची, ती सगळीकडे जोडावी, नाहीतर नावच बदलावे.

त्यानंतर सर्व ठिकाणी नाव मोकळे आहे का ते एकाच बैठकीत पाहावे आणि त्याच बैठकीत घेऊन टाकावे. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण बाकीची खाती त्याच पत्त्यावर उघडायची असतात. कोणी बंद केलेला जीमेल पत्ता पुन्हा दुसऱ्याला मिळत नाही, तेव्हा तो मोकळा होण्याची वाट पाहू नये. खाते उघडल्यावर जीमेलच्या सेटिंगमधील ‘Send mail as’ येथे जाऊन पाठवणाऱ्याचे नाव बदलावे. पत्ता जोडीचा आणि पत्रावर नाव मात्र एकट्याचे, असा प्रकार बहुतेकदा तिथेच राहून जातो.

संकेतस्थळ वर्डप्रेसवर असेल तर आणखी एक जागा तपासावी. लेखाखाली दिसणारे नाव ‘Display name publicly as’ मधून बदलता येते, परंतु लेखकाच्या पानाचा पत्ता लॉगिन-नावावरून बनतो आणि तिथे जुनेच नाव दिसत राहते. लॉगिन-नाव डॅशबोर्डवरून बदलता येत नाही. उपाय असा की, doghenighalo या नावाने नवा वापरकर्ता तयार करावा आणि जुने लेख त्याच्या नावे करावेत. हे नाव सर्वांना ठाऊक असणार, म्हणून त्याला प्रशासकाचे नव्हे, तर संपादकाचे अधिकार द्यावेत.

शेवटची पायरी लिहिण्यातली आहे, आणि माझ्या मते खरी कसोटी तीच. मराठी क्रियापदात लिंग दिसते. एका परिच्छेदात ‘मी अजिंक्यतारा चढले’ आणि पुढच्यात ‘मी दमलो’ असे आले, तर एकाच लेखकनामामागे बोलतो कोण, हे वाचकाला कळत नाही. आम्ही जोडीच्या नावाने येणाऱ्या लेखात ‘आम्ही चढलो’ असेच लिहितो, कारण ते रूप दोघांनाही चालते. एखादा अनुभव एकाचाच असेल, तर लेखाच्या पहिल्या ओळीतच कोण लिहीत आहे ते सांगतो आणि शेवटपर्यंत तोच ‘मी’ ठेवतो. देवनागरी नावाचेही एकच रूप ठरवावे. ‘दोघे’ की ‘दोघं’, दोन शब्द की जोडून एक, हे ठरले की ते एका ठिकाणी लिहून ठेवावे आणि प्रत्येक खात्यावर तेथूनच उतरवून चिकटवावे.