शिफ्ट अदलाबदलीत ओव्हरटाइम कुठून वाढत होता ते सापडलं

आमच्या प्लांटला बॉयलर आहे, तीन शिफ्ट, आणि प्रत्येक शिफ्टला सर्टिफिकेटवाला अटेंडंट लागतोच. पोरं आपापसात शिफ्ट बदलायची, सुपरवायझर फक्त "माणूस आला ना" एवढंच बघायचा. तरी ओव्हरटाइमचं बिल फुगायचं आणि कारण कळेना, कारण सगळे म्हणायचे साहेब आम्ही तर आठला आठ तास बदलले.

कारण निघालं आठवड्याच्या हिशोबात. फॅक्टरीच्या कायद्यात आठवडा शनिवारी मध्यरात्री संपतो. समजा एकाने शनिवारची शिफ्ट दुसऱ्याला दिली, दुसऱ्याची तेव्हा सुट्टी होती, आणि बदल्यात पहिल्याने स्वतःच्या सुट्टीत त्याची सोमवारची घेतली. मग या आठवड्यात दुसऱ्याचे ५६ तास, पुढच्या आठवड्यात पहिल्याचे ५६. ४८ च्या वरचे आठ तास दोघांनाही दुप्पट दराने, काम मात्र एका तासानेही वाढलेलं नाही!

आता दोन्ही शिफ्ट एकाच रविवार ते शनिवारमध्ये असतील तरच सही. शीटमध्ये A तारीख, B शिफ्ट, C नाव, D स्किल, E तास, F मध्ये त्या आठवड्याचा रविवार, G मध्ये त्या माणसाचे आठवड्याचे तास, आणि H मध्ये त्या शिफ्टला बॉयलरवाले किती:

```
F2: =A2-WEEKDAY(A2)+1
G2: =SUMIFS(E:E,C:C,C2,F:F,F2)
H2: =COUNTIFS(A:A,A2,B:B,B2,D:D,"बॉयलर")
```

नाव बदललं की D पण बदलायचा, नाहीतर हेल्पर आला तरी H मध्ये १ दिसत राहतो. G ४८ च्या वर किंवा H शून्य, की अदलाबदल नाही. नाइट करून लगेच फर्स्टला येणारे शीटमध्ये पकडले जात नाहीत, ते अजून डोळ्यानेच बघतो.