ग्रेड आणि फ्रॅक्चरचा टप्पा: फिजिओथेरपीच्या प्रश्नांसाठी तयारीची यादी

फ्रॅक्चरच्या रुग्णावरचा प्रश्न समोर आला की बहुतेक विद्यार्थी आधी स्नायूचा ग्रेड शोधतात. माझ्या मते सुरुवात टप्प्यापासून करावी: हाड अजून प्लास्टरमध्ये आहे, प्लास्टर नुकतं निघालंय, की हाड पक्कं जुळलंय? कुठला व्यायाम अजिबात चालणार नाही हे टप्पा सांगतो. उरलेल्यांतून नेमका कोणता घ्यायचा हे ग्रेड ठरवतो.

ग्रेडिंगची 0 ते 5 ही पट्टी पाठ असतेच, पण ती क्वाड्रिसेप्सवर हाताने करून पाहायला हवी. रुग्ण खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसला आणि त्याने गुडघा पूर्ण सरळ केला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल झाली, म्हणजे ग्रेड 3. त्यावर आपण हाताने जोर दिला तरी तो टिकवू शकला, तर 4 किंवा 5. बसून जमलं नाही तर त्याला कुशीवर वळवा, वरच्या पायाला आधार द्या आणि गुडघा सरळ करायला सांगा. इथे पूर्ण हालचाल झाली की ग्रेड 2. गुडघा हललाच नाही, पण वाटीच्या वर ठेवलेल्या बोटांना स्नायू आवळल्याचं जाणवलं, तर 1. तेही नसेल तर 0.

आता एक प्रश्न पूर्ण सोडवू. नडगीच्या हाडाला मधोमध फ्रॅक्चर, मांडीपर्यंतचं प्लास्टर दहा आठवड्यांनी काढलंय. फ्रॅक्चरच्या जागी दाबून दुखत नाही, एक्स-रेमध्ये कॅलसचा पूल दिसतो, सर्जनने पायावर अर्धवट भार द्यायला सांगितलंय. गुडघा आपण सरळ केला तर पूर्ण सरळ होतो. बसून रुग्ण स्वतः सरळ करतो तेव्हा शेवटचे 20 अंश राहतात. कुशीवर मात्र पूर्ण जमतं. घोट्याला वाळूची पिशवी बांधून एक्सटेन्शन, फक्त पॅसिव्ह हालचाल, फक्त स्टॅटिक क्वाड्स, की कुशीवर अ‍ॅक्टिव्ह आणि बसून अ‍ॅक्टिव्ह असिस्टेड?

आधी ग्रेड. साध्या पट्टीवर तो 2 ठरतो, कारण गुरुत्वाकर्षणाविरुद्धची हालचाल अपुरी आहे. अधिक-उणे चिन्हांची पट्टी वापरणारे यालाच 2+ किंवा 3- म्हणतात, त्यामुळे पर्यायांत कोणती पट्टी आहे ते पाहून घ्या. पॅसिव्ह हालचाल पूर्ण आणि अ‍ॅक्टिव्ह अपुरी या फरकाला एक्सटेन्सर लॅग म्हणतात. पॅसिव्हलाही गुडघा अडत असता, तर तो सांध्याचा ताठरपणा झाला असता आणि उपलब्ध हालचालीपुरताच ग्रेड द्यावा लागला असता. हा फरक प्रश्नात एखाद्या वाक्यात दडलेला असतो, तिथे पेन्सिलने खूण करा.

आता पर्याय. स्नायू स्वतः काम करतोय, म्हणून निव्वळ पॅसिव्ह बाद. स्टॅटिक क्वाड्स सुरू ठेवता येतील, पण ते प्लास्टरच्या काळातलं मुख्य काम होतं. आता हालचालीची मुभा आहे, तेव्हा तेवढ्यावर थांबणं अपुरं. वाळूची पिशवी दोन कारणांनी चुकते. स्वतःच्या पायाचंच वजन न पेलणाऱ्या स्नायूवर आणखी ओझं येतं. आणि वजन घोट्याला, फ्रॅक्चर त्याच्या वर, म्हणजे नव्या जोडणीवर वाकवणारा ताण येतो. उत्तर शेवटचं: कुशीवर पूर्ण अ‍ॅक्टिव्ह, आणि बसून करताना शेवटच्या 20 अंशांत हाताचा आधार. लॅग गेला की आधार काढा. त्यानंतरचा रेझिस्टन्स सर्जनच्या परवानगीने, आणि हात सुरुवातीला गुडघ्याच्या लगेच खाली, फ्रॅक्चरच्या वर ठेवून.

याच रुग्णाला तिसऱ्या आठवड्यात, प्लास्टरमध्ये कल्पून पाहा, कारण प्रश्न असाच बदलून येतो. तेव्हा गुडघ्याची ग्रेडिंग चाचणी होणारच नाही. स्टॅटिक क्वाड्स शिकवायचे: मांडी आवळून पाच सेकंद धरायची, सोडायची, असं दहा वेळा. पायाची बोटं हलवायची. ‘अँकल पंप’ हा पर्याय फसवा असतो, कारण या प्लास्टरमध्ये गुडघ्याबरोबर घोटाही बंदिस्त असतो.

शेवटी दुखण्याचा उल्लेख शोधा. रुग्ण वेदनेमुळे जोर लावायचा थांबला असेल, तर मिळालेला ग्रेड स्नायूची खरी ताकद दाखवत नाही. नोंदीत ग्रेडपुढे वेदना लिहायची आणि व्यायाम वेदना वाढणार नाही इतक्याच मर्यादेत निवडायचा. फ्रॅक्चरच्या जागीच दाबून दुखत असेल, तर रेझिस्टन्सचे सगळे पर्याय तिथेच खोडून टाका, ग्रेड कितीही असो.