महिनाभर घर बंद ठेवताना फ्रिज: या चुका टाळा

पावसाळ्यात महिनाभरासाठी गावी किंवा परदेशी मुलांकडे जाणारी अनेक कुटुंबे निघायच्या दिवशी सकाळी फ्रिज रिकामा करतात, आतून ओला फडका फिरवतात, बटण बंद करतात आणि दार नीट लावून निघतात. परतल्यावर दार उघडताच कुबट वास येतो आणि दाराच्या रबरावर काळे ठिपके दिसतात. फ्रिज अस्वच्छ राहिल्यामुळे हे झाले असे वाटते; परंतु बहुतेक वेळा खरे कारण आत कोंडलेला ओलावा हे असते.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फ्रिज अगदी शेवटच्या क्षणी बंद करणे. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात फ्रीझरच्या मागील प्लास्टिकच्या आवरणाआड थंड नळ्या असतात आणि त्यांच्यावर हिम साचलेले असते. वीज बंद केल्यावर ते हळूहळू वितळते, नळीतून खाली उतरते आणि फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ असलेल्या ट्रेमध्ये जमा होते. एरवी कॉम्प्रेसरच्या उष्णतेने हे पाणी वाळून जाते. फ्रिज बंद असताना ती उष्णता मिळत नाही, त्यामुळे पाणी तसेच साचून राहते. त्यात वास तर धरतोच, शिवाय डेंग्यू पसरवणारे डासही अशा साचलेल्या पाण्यात अंडी घालतात.

म्हणून निघण्याच्या निदान दीड दिवस आधी कामाला लागावे. समजा, रविवारी सकाळी निघायचे आहे. मग शुक्रवारी संध्याकाळी उरलेले दूध, दही, भाज्या, चटण्या आणि फ्रीझरमधले मटारसुद्धा संपवावेत किंवा शेजारी द्यावेत. त्यानंतर प्लग काढून दोन्ही दारे उघडी ठेवावीत आणि खाली जुना टॉवेल अंथरावा. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये फ्रीझरभोवती जाड बर्फ असेल, तर तो सुरीने किंवा उलथण्याने खरवडू नये, कारण तेथील पातळ पत्र्याला भोक पडले की गॅस निघून जातो आणि मोठा खर्च निघतो.

शनिवारी सकाळी कप्पे, काचा, भाजीचे खण आणि बर्फाचे साचे बाहेर काढून साबणाने धुवावेत. थंड काचेवर एकदम गरम पाणी ओतू नये. ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. आतील भिंतींसाठी एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा पुरेसा होतो. सुगंधी फिनाईल वापरू नये, कारण त्याचा वास प्लास्टिकमध्ये मुरतो आणि नंतर अन्नाला लागतो.

त्यानंतर दाराच्या रबराकडे वळावे, आणि येथे घाई करू नये. रबराच्या घड्यांत सांडलेले दूध, पिठाचे कण आणि पाणी अडकते व बुरशी बहुधा तेथूनच सुरू होते. घडी बोटाने उघडून जुन्या मऊ टूथब्रशने ती साबणाच्या पाण्याने घासावी, स्वच्छ पाण्याने पुसावी आणि शेवटी सुती कापडाचे टोक आत घालून कोरडी करावी. आतील मागच्या भिंतीत तळाशी पाणी जाण्याचे लहान छिद्र असेल, तर त्यातही कपभर कोमट पाणी हळूहळू सोडून ते मोकळे असल्याची खात्री करावी. मागचा ट्रे निघत असेल तर धुऊन वाळवावा. निघत नसेल तर पाणी स्पंजाने टिपून घ्यावे.

पुसून झाले म्हणजे वाळले असे नाही. शनिवारचा उरलेला दिवस दारे उघडी ठेवून पंख्याचा वारा आत जाऊ द्यावा. रविवारी निघण्यापूर्वी कोपऱ्यांत, खणांखाली आणि रबराच्या घडीत टिशूपेपर दाबून पाहावा. तो ओलसर झाला, तर आणखी वेळ द्यावा लागेल.

शेवटी दार किती उघडे ठेवायचे, हा प्रश्न येतो. दोन-तीन इंचांची फट पुरते. मात्र ती दोन्ही दारांना हवी. बहुतेक फ्रिज पुढून किंचित उंच ठेवलेले असल्याने दार आपोआप मिटते, म्हणून गुंडाळलेला नॅपकिन वर आणि खाली अडकवून तो चिकटपट्टीने पक्का करावा. अधूनमधून घरी कोणी लहान मुलांसह येणार असेल, तर दार यापेक्षा जास्त उघडणार नाही अशी दोरी बाहेरून बांधावी. सोड्याची वाटी आत ठेवल्यास वास कमी होतो, पण ओला फ्रिज तिच्याने कोरडा होत नाही.

परतल्यावर आत सर्व स्वच्छ दिसूनही वास येत असेल, तर आधी मागचा ट्रे आणि पाण्याचे छिद्र तपासावे. तेही स्वच्छ असल्यास रबराच्या घड्या पुन्हा उघडून पाहाव्यात. फ्रिज सुरू केल्यावर आतला भाग पुरता थंड होईपर्यंत, म्हणजे काही तास, दूध आणि भाजी आत ठेवू नये.