पुल-अप रेझिस्टर निवडताना या चुका टाळा

आय-टू-सी बसवर ‘नेहमीचा’ ४.७ किलोओमचा पुल-अप लावून मोकळे होणे ही पहिली चूक. ओपन-ड्रेन आउटपुट लाइन खाली ओढते, पण वर नेण्याचे काम एकटा रेझिस्टर करतो. बसची धारिता जितकी जास्त, तितकी ती चढण संथ होते.

आमच्या अंधेरीच्या कार्यशाळेतील ३.३ व्होल्टच्या एका जोडणीत हाच ४.७ किलोओमचा पुल-अप होता आणि लांब रिबन केबलवर काही सेन्सर होते. १०० किलोहर्ट्झला सारे सुरळीत चालले, मात्र ४०० किलोहर्ट्झला मधूनमधून प्रतिसाद येईनासा झाला. ऑसिलोस्कोपवर ३० ते ७० टक्क्यांची चढण सुमारे ८०० नॅनोसेकंद दिसली. १०० किलोहर्ट्झला १००० नॅनोसेकंदांची मुभा असते, ४०० ला फक्त ३०० ची. त्या चढणीवरून बसची धारिता साधारण २०० पिकोफॅरड निघाली. खालील सूत्रांत tr म्हणजे चढणीची वेळ, R रोध, C धारिता, VDD पुरवठ्याचा व्होल्टेज, VOL लाइनची खालची पातळी आणि IOL ती खाली ओढताना वाहणारा प्रवाह.

```
C    = tr / (0.8473 × R)
Rmax = tr / (0.8473 × C)
Rmin = (VDD − VOL) / IOL
```

या मोजणीतच दुसरी चूक दडलेली असते. बहुतेक ऑसिलोस्कोप आपोआप १० ते ९० टक्क्यांची वेळ दाखवतात आणि ती अडीचपटीहून अधिक असते. शिवाय एकपट प्रोब स्वतःच सुमारे १०० पिकोफॅरडची भर घालतो, म्हणून दहापट प्रोबच वापरावा.

३०० नॅनोसेकंदांसाठी कमाल रोध १.७७ किलोओम येतो. उलट बाजूने, ०.४ व्होल्टपर्यंत खाली ओढताना ३ मिलिॲम्पिअरची हमी धरली, तर किमान रोध ९६७ ओम येतो. आम्ही १.५ किलोओम निवडला. त्यामुळे चढण सुमारे २५४ नॅनोसेकंदांवर आली आणि प्रवाह १.९ मिलिॲम्पिअर राहिला.

पुढे लॅमिंग्टन रोडवरून आणलेली तीन मॉड्यूल त्याच बसला जोडली आणि वेगळाच दोष उपटला. प्रत्येकावर ४.७ किलोओमचा पुल-अप आधीच बसवलेला होता, हे कोणी पाहिलेच नव्हते. सारे समांतर धरल्यास रोध जेमतेम ७६६ ओम उरतो आणि ०.४ व्होल्ट राखायला ३.८ मिलिॲम्पिअर लागतात. अशा वेळी चढण सुरेख दिसते आणि म्हणूनच फसगत होते; पाहायची असते ती खालची पातळी. नवव्या क्लॉकला मास्टरऐवजी सेन्सर डेटा लाइन ओढतो, तेव्हा ती पातळी एका पायरीने वर सरकलेली दिसली, तर तो सेन्सर दमला आहे असे समजावे. मॉड्यूलवरचे रेझिस्टर काढून टाकल्यावर आमची पायरी नाहीशी झाली.

धारिता ४०० पिकोफॅरडपर्यंत गेली, तर कमाल रोध ८८५ ओम, म्हणजे किमान रोधाहूनही कमी येतो. तेथे कोणताच रेझिस्टर दोन्ही अटी पाळू शकत नाही. केबल आखूड करणे, क्लॉक उतरवणे किंवा बफर घालून बसचे दोन भाग करणे, एवढेच मार्ग उरतात.