मंजूर रजेला जोडून गावाहून काही आठवडे काम: परवानगी कशी मागावी

रजा मंजूर झालेली असते, गावी जायचं ठरलेलं असतं, आणि मग वाटतं की लगेच परतण्यापेक्षा तिथूनच दोन-तीन आठवडे काम केलं तर बरं होईल. मागणी रास्त असते, पण ती बहुतेक वेळा चुकीच्या शब्दांत मांडली जाते. "सुट्टीनंतर थोडे दिवस तिकडूनच काम करू का?" हे वाक्य मॅनेजरच्या कानाला "सुट्टी थोडी वाढवू का?" असंच ऐकू येतं. त्यामुळे ही रजेची मुदतवाढ नाही, कामाचेच दिवस आहेत, फक्त जागा वेगळी आहे, हे विनंतीतल्या प्रत्येक तपशिलातून दिसायला हवं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी कॅलेंडर, मग तारखा

किती आठवडे हवेत हे ठरवण्याआधी त्या काळात ऑफिसात काय आहे ते बघा. एक उदाहरण घेऊ. कंपनीच्या हिशेब विभागात काम करणाऱ्या एकीची 4 ते 15 मे अशी दोन आठवड्यांची रजा मंजूर आहे. तिला पुढे तीन आठवडे, म्हणजे 5 जूनपर्यंत, गावी राहायचंय. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात मे महिन्याचे हिशेब बंद होतात आणि तेव्हा मूळ कागद हाताशी लागतात. म्हणून ती स्वतःच मागणी दोन आठवड्यांवर आणते: सोमवार 18 मे ते शुक्रवार 29 मे. सोमवारी 1 जूनला ऑफिसात हजर. एक आठवडा आपणहून सोडल्यामुळे मॅनेजरची मुख्य हरकत विचारण्याआधीच निकालात निघते.

मग तिने आपल्या कामांपैकी गावाहून न होणारं काय, ते शोधलं. पुरवठादारांची कागदी बिलं टपालाने ऑफिसात येतात, ती स्कॅन करायला तिथे माणूस लागतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी मंगळवारी आणि शुक्रवारी ती स्कॅन करून देईल, बदल्यात त्याच्या वाट्याचा बँकेचा ताळमेळ ती करेल, असं दोघांनी आधी बोलून ठेवलं. "बाकीचं बघून घेतील" असं गृहीत धरलेलं काम कोणाच्या तरी डोक्यावर पडतं आणि तक्रार मॅनेजरकडेच जाते, म्हणून हे बोलणं टाळू नका.

नियम आणि जागा

घरून कामाचं धोरण वाचा. काही कंपन्यांत "घरून" म्हणजे नोंदवलेल्या पत्त्यावरूनच, असा अर्थ असतो. लॅपटॉप शहराबाहेर न्यायला वेगळी परवानगी लागते का, हेही विचारा. गाव दुसऱ्या देशात असेल तर मात्र हा विषय मॅनेजरच्या अधिकारात राहत नाही. तिथे काम करण्याचा हक्क, कर, सामाजिक सुरक्षा आणि कंपनीचा डेटा देशाबाहेर उघडणं असे प्रश्न येतात. 183 दिवसांच्या आत कराचा प्रश्नच नसतो, हा समज सरसकट खरा नाही. अशा वेळी एचआरचं लेखी उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इंटरनेटबद्दल "गावी नेट चांगलं आहे" हे उत्तर पुरत नाही. घरातल्या कोणाला तरी ऑफिसच्या वेळेत, शक्यतो सकाळी आणि दुपारी, स्पीड तपासायला सांगा. डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा बघा, कारण व्हिडिओ कॉल तिथेच अडतो. एका कॉलला साधारण 2 ते 4 एमबीपीएस अपलोड असावा. वीज जात असेल तर राउटरला छोटा बॅकअप आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचं हॉटस्पॉट ठेवा.

आधी तोंडी, मग मेल

निदान तीन आठवडे आधी आणि परतीचं तिकीट काढण्याआधी मॅनेजरशी समोरासमोर बोला. तिकीट काढून मग विचारलं तर ती विनंती राहत नाही. रजेवर असताना शेवटच्या दोन दिवसांत फोन करून विचारणं तर सगळ्यात वाईट. बोलणं झालं की त्याच दिवशी मेल पाठवा. आपल्या उदाहरणातला मेल असा होता:

"मॅडम, 4 ते 15 मे ही माझी रजा मंजूर आहे, तिच्यात बदल नाही. त्यानंतर 18 ते 29 मे मला गावच्या घरून पूर्णवेळ काम करण्याची परवानगी हवी आहे. वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर रात्री घरात कुणीतरी असणं गरजेचं आहे. दिवसा भाऊ घरी असतो. माझी वेळ नेहमीचीच, 9:30 ते 6:30. कागदी बिलांचं स्कॅनिंग सहकाऱ्याशी बोलून ठरवलं आहे. नेट तपासलं आहे, दुसरं कनेक्शनही आहे. कधी ऑफिसात यावंच लागलं, तर एका दिवसाच्या सूचनेवर येईन. 1 जूनला मी ऑफिसात असेन. आपला होकार याच मेलवर कळवावा."

"दिवसा भाऊ घरी असतो" हे वाक्य इथे फार मोलाचं आहे. आजारपणाचं कारण वाचलं की मॅनेजरच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की मग काम कधी होणार? दिवसाची शुश्रूषा तुमच्यावरच असेल तर ते लपवू नका. तेव्हा अर्ध्या दिवसाची रजा किंवा बदललेली वेळ मागा. पूर्णवेळ काम सांगून दुपारभर दवाखान्यात बसण्याचा ताण तुम्हाला आणि टीमला, दोघांनाही सोसत नाही.

"बघू" हा होकार नव्हे. दोन-तीन दिवस थांबा आणि "तिकीट शुक्रवारी काढायचंय, तोवर कळेल का?" असं सरळ विचारा. नकार आला तर कारण विचारा. अडचण पूर्ण दोन आठवड्यांची असेल, तर एका आठवड्यावर बोलता येतं. अडचण धोरणाची असेल तर तिथे घासाघीस करून उपयोग नाही. शिल्लक रजा किती आहे ते बघा.

होकार आल्यावर

हजेरीच्या प्रणालीत दोन वेगळ्या नोंदी हव्यात: 15 मेपर्यंत रजा, 18 मेपासून घरून काम. ही दुसरी नोंद राहून गेली तर तुम्ही गैरहजर दिसता आणि पगार कापला जातो. मॅनेजरच्या मेलमधला होकार पगाराच्या हिशेबात आपोआप पोचत नाही. व्हीपीएन गावच्या नेटवरून एकदा लावून बघा, तेही 18 तारखेच्या आधी, कारण रजेच्या काळात पासवर्डची मुदत संपलेली असू शकते आणि तो बदलायला कधी कधी ऑफिसचंच नेटवर्क लागतं.

सोमवार, 18 तारीख. टीमच्या लेखी तुम्ही अजून सुट्टीवरच आहात. सकाळी वेळेवर लॉगिन करा, मेलवरचा "रजेवर आहे" हा आपोआप जाणारा निरोप बंद करा आणि मॅनेजरशी पंधरा मिनिटांचा कॉल आधीच ठरवून ठेवा: मागे काय साचलंय, या आठवड्यात आधी काय संपवायचं. मुक्काम वाढवायची खरोखर गरज पडलीच, तर ती 25 किंवा 26 मेपर्यंत सांगा, नव्या तारखा आणि नव्या कारणासह वेगळ्या मेलने.