निगेटिव्ह मार्किंग आणि तुक्का: गेटबाहेरच्या सल्ल्यातल्या या चुका टाळा

परीक्षा केंद्राचं गेट उघडायला वेळ असतो आणि बाहेर दोघांचं हमखास हे बोलणं चालतं.

"निगेटिव्ह आहे ना, मग शंका आली की मी सोडूनच देणार."

"अगं, वेडी का? उरलेल्या सगळ्यांना सी मारायचा. काही तरी लागतंच."

दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि त्यातला पहिला जास्त नुकसान करतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो.

समजा, चार पर्यायांचे बारा प्रश्न अडलेत. बरोबर उत्तराला 1 गुण, चुकलं तर एक तृतीयांश वजा. काहीच माहीत नसताना बारा तुक्के मारले, तर सरासरीने तीन लागतात, नऊ चुकतात. तीन मिळाले, तीन गेले, हाती शून्य. सगळीकडे सी मारला तरी हिशोब तोच. ही सरासरी आहे, हे विसरू नका. नशीब रुसलं आणि एकच लागला, तर अकरा चुकांचे जवळपास पावणेचार गुण जाऊन अडीचहून जास्त गुणांचा खड्डा पडतो.

आता त्याच बारा प्रश्नांत प्रत्येकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तर सहा लागतात, सहा चुकतात. सहातून दोन वजा, म्हणजे चार गुण निव्वळ फायद्याचे. "शंका आली की सोड" म्हणणारी हे चार गुण सोडून येते. एकच पर्याय खोडता आला तरी सव्वा गुणाच्या आसपास पदरात पडतं.

खरी गोम "खात्रीने" या शब्दात आहे. पर्याय खोडताना त्याचं कारण मनात एका वाक्यात सांगता आलं पाहिजे: हे एकक जुळत नाही, हे साल त्या घटनेच्या आधीचं आहे, असं काही. "हा काही बरोबर वाटत नाही" एवढ्यावर खोडलं, तर ते खोडणं नव्हे. पेपर काढणारे चुकीचे पर्याय बहुतेकदा नेहमीच्या गफलतींवरूनच बनवतात, त्यामुळे ओळखीचा वाटणारा पर्याय नेमका सापळा असू शकतो.

"पण पाव गुणच जातो ना?"

इथे बरेच जण फसतात. "प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश" असा नियम असेल आणि प्रश्न 2 गुणांचा असेल, तर चुकीला पाव नव्हे, अर्धा गुण जातो. मिळणारे गुणही दुप्पट असल्याने तुक्क्याचा हिशोब बिघडत नाही, पण आपला स्कोअर मोजताना फसगत होते. चुकीला प्रश्नाचे निम्मे गुण कापत असतील, तर मात्र एक पर्याय खोडूनही सरासरी शून्यच येते. तिथे दोन खोडता आले तरच उत्तर द्या. आणि निगेटिव्ह नसेलच, तर एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

म्हणून सूचनांच्या पानावर आधी तीन गोष्टी शोधा: पर्याय किती, चुकीला किती कापतात, आणि कॉम्प्युटरवरची परीक्षा असेल तर "Mark for Review" केलेलं उत्तर तपासलं जातं की नाही. शेवटचा नियम सगळीकडे सारखा नसतो, तेव्हा मागच्या परीक्षेच्या आठवणीवर तो ठरवू नका.