"चालत नाही" एवढाच मेसेज आला तर

ग्राहक सेवेच्या कामाला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सकाळी एका बाईंचा मेसेज आला: "चालत नाही". वस्तूचं नाव नाही, ऑर्डर नंबर नाही, साधं "नमस्कार"सुद्धा नाही. आमचं काम सोलापुरातल्या एका छोट्या ऑफिसातून चालतं. मिक्सर, पंखे, इमर्जन्सी दिवे असं घरगुती सामान आम्ही ऑनलाइनही विकतो आणि आसपासच्या दुकानदारांनाही देतो. तक्रारी बहुतेक व्हॉट्सॲपवर येतात, आणि त्यातल्या बऱ्याच अशाच असतात.

मी काय केलं? तयार मजकूर होता, तो चिकटवला. ऑर्डर नंबर, खरेदीची तारीख, मॉडेल, बिलाचा फोटो, अडचणीचा व्हिडिओ, असे पाच प्रश्न एकाखाली एक. दोन तासांनी उत्तर आलं: "सांगितलं ना चालत नाही". मी मनात म्हटलं, हिला काही सांगायचंच नाही. शेजारी बसणारे आमचे अण्णा बारा वर्षं हेच काम करतात. ते स्क्रीनकडे बघून म्हणाले, "अरे, तिला ते पाच प्रश्न म्हणजे बँकेचा फॉर्म वाटला असेल. एक विचार की."

त्याआधी त्यांनी एक गोष्ट करायला लावली, आणि ती मी आजही सगळ्यात आधी करतो. ग्राहकाला विचारण्यापूर्वी आपल्याकडे काय आहे ते बघायचं. फोन नंबर ऑर्डरच्या यादीत शोधायचा, पण पूर्ण नाही, फक्त शेवटचे सहा आकडे. कारण कुठे नंबरापुढे +91 असतं, कुठे शून्य असतं, आणि पूर्ण नंबर टाकला की ऑर्डर असूनही "सापडली नाही" असं येतं. सहा आकड्यांवर दोन-तीन नावं निघाली तरी हरकत नाही, ती डोळ्यांनी वेगळी करता येतात. ग्राहक सापडला आणि त्याच्या नावावर दोन ऑर्डर असतील, तर नवीन ऑर्डरबद्दलच तक्रार असणार असं मात्र धरून चालायचं नाही. मी एकदा तसं धरलं आणि पंखा बंद पडलेल्या माणसाला नवा दिवा पाठवायला निघालो होतो.

या बाईंचा नंबर कुठेच नव्हता. मग मी लिहिलं: "ताई, वस्तूतून धूर किंवा जळका वास येत असेल, करंट लागत असेल, तर भिंतीवरचं बटण बंद करून पिन काढून ठेवा. आणि वस्तूचा एक फोटो पाठवता का?" बस, एवढंच. धुराचं वाक्य पहिल्याच मेसेजमध्ये असायला हवं, कारण "चालत नाही" या दोन शब्दांत "झटका बसतोय" हेही लपलेलं असू शकतं. ते सांगून झालं की मग एकच मागणी, आणि तीही फोटोची. मॉडेल लिहायला सांगितलं तर माणूस अडतो. फोटो पाच सेकंदांत येतो.

इथे जरा थांबून त्या शब्दाबद्दल सांगतो. मोहोळकडच्या एका दुकानदाराचा असाच मेसेज आला होता: "इमर्जन्सी दिवे चालत नाहीत". मी त्यांना रात्रभर चार्ज करा, मग बटण दोन सेकंद दाबून धरा, असं सगळं सांगत बसलो. शेवटी त्यांनी फोन केला. "अहो साहेब, दिवे पेटतात की. गिऱ्हाईक घेत नाही म्हणतोय. माल परत घ्या." दुकानदाराचं "चालत नाही" म्हणजे खपत नाही. घरच्या माणसाचं म्हणजे बंद आहे. आणि कधी कधी रंग पसंत नाही, आमच्याकडे असलं चालत नाही, असाही अर्थ निघतो. त्यामुळे बिघाड आहे हे गृहीत धरून उपाय सांगायला घ्यायचा नाही.

बाईंचा फोटो आला. मिक्सर होता, पण अंधारात काढलेला, मॉडेल कळेना. खालच्या बाजूला स्टिकर असतं, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर छापलेला असतो, तो खिडकीजवळ नेऊन काढायला सांगितलं. उत्तर आलं: "विड्या देऊन आल्यावर". म्हणजे बाई बिडी कामगार, घरी वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला निघालेल्या. सोलापूरच्या पूर्व भागात असं उत्तर नेहमीचं आहे. अशा वेळी तक्रारीला "ग्राहकाकडून प्रतिसाद नाही" असा शिक्का मारून बंद करायचं नाही. मी दुपारी फोन लावला.

फोन शेजारच्या मुलीचा निघाला. मिक्सर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने मागवून आईच्या पत्त्यावर पाठवला होता, म्हणून नंबर जुळत नव्हता. सिरीयल नंबर त्या मुलीने वाचून दाखवला, त्यावरून ऑर्डर निघाली. पण हे दरवेळी जमत नाही. आमच्याकडे मिक्सरचे सिरीयल नंबर पाठवताना नोंदवतात, दिव्यांचे नोंदवत नाहीत.

आता बिघाड. "मोटर जळली का?" असं विचारलं तर समोरचा "हो" म्हणतो, कारण आपणच उत्तर तोंडात घातलेलं असतं. विचारायचं असं: "बटण फिरवल्यावर काय होतं?" त्या म्हणाल्या, काहीच नाही, आवाजसुद्धा नाही. त्याच प्लगला मोबाईलचा चार्जर लावून बघितला, तो चालू होता. "बंद पडला तेव्हा त्यात काय वाटत होता?" शेंगाची चटणी. बरंच काही कळलं! शेंगदाण्याला तेल सुटतं, गोळा पात्याला घट्ट बसतो, मोटरवर ताण येतो आणि मिक्सरच्या बुडाला असलेलं छोटं लाल बटण स्वतःहून वर येतं. मोटर जळू नये म्हणून ती सोय असते. पिन काढायला लावली, वीस मिनिटं थंड होऊ दिला, मग उलटा करून बटण दाबायला सांगितलं. "टक् वाजलं," त्या म्हणाल्या. मिक्सर सुरू झाला. थोडे थोडे दाणे घाला, थांबून थांबून फिरवा, एवढं सांगून ठेवलं.

नोंदीत मी तीन गोष्टी लिहिल्या: शेजारच्या मुलीचा नंबर, "मुलाच्या नावावर ऑर्डर", आणि बाईंचे स्वतःचे शब्द, "आवाजसुद्धा नाही". आपली भाषा तिथे घुसवायची नाही. "ओव्हरलोड" असं लिहिलं असतं तर तो माझा निष्कर्ष झाला असता.

आठवड्याने मेसेज: "परत तसंच". या वेळी सहा आकड्यांवर लगेच सापडल्या. पण फोनवर कळलं की तसंच नव्हतं. आवाज येत होता, घुर्र करून मिक्सर थांबत होता, आणि लाल बटण दाबलं तरी चालू करताच परत वर येत होतं. मोठं भांडं लावून बघायला सांगितलं. त्यात छान फिरला. म्हणजे खोट मोटरमध्ये नव्हती, चटणीच्या भांड्यात होती. पिन काढून त्या भांड्याचं पातं जपून हाताने फिरवायला लावलं. "जड जातंय ओ, गच्च बसलंय." दाण्याचं तेल आणि चुरा पात्याखाली झिरपून सुकला होता.

अख्खा मिक्सर परत मागवायची गरज उरली नाही, फक्त चटणीचं भांडं पाठवायचं ठरलं. पार्सलवर पत्ता टाकताना मात्र मी ऑर्डरच्या नावावरून बिलाचा पत्ता उचलला, आणि भांडं पुण्याला निघालंच होतं. अण्णांनी लेबल बघितलं म्हणून थांबलं.